मध्यरात्रीची भूक: आधी जाग येते की आधी भूक लागते?

प्रश्न: रात्री नऊला पोटभर जेवते, अकराला झोपते. तरी अडीचच्या सुमारास जाग येते आणि पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते. दूध-बिस्किटं खाल्ल्याशिवाय परत झोपच लागत नाही. सकाळी मात्र चहाशिवाय काही नको वाटतं. हे हार्मोन्समुळे होतंय की मला सवय लागली आहे? आणि हे थांबवायचं कसं?

उत्तर:

दोन्ही आहे, पण क्रम बहुतेकांना वाटतो त्याच्या उलटा असतो. निरोगी माणसाला सहसा भुकेमुळे जाग येत नाही. जाग आधी येते, दुसऱ्याच कारणाने, आणि डोळे उघडल्यावर भूक जाणवते. तुमच्या वर्णनात आणखी एक धागा आहे, तो म्हणजे सकाळी भूक नसणं. तो वेगळा प्रश्न नाही, याच चक्राचा दुसरा अर्धा भाग आहे. त्यामुळे उपायाची सुरुवात रात्री अडीचला नाही, सकाळी आठला करायची.

रात्री उपाशी राहण्याची शरीराची तयारी चांगली असते. जेवणानंतर यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठलेलं असतं. मेंदूला तासाला पाच-सहा ग्रॅम ग्लुकोज लागतं, ते यकृत या साठ्यातून सोडत राहतं. साठा कमी होऊ लागला की इतर पदार्थांपासून नवं ग्लुकोज बनवण्याचं कामही चालू असतंच. म्हणून ज्याला मधुमेहाची औषधं चालू नाहीत, अशा माणसाची रक्तातली साखर जेवणानंतर पाच तासांत धोक्याच्या पातळीखाली जात नाही. 'रात्री माझी शुगर लो होते' हे वाक्य फार ऐकू येतं, पण मोजून पाहिलं तर बहुतेक वेळा ते खरं नसतं.

हार्मोन्सही रात्री भुकेच्या बाजूने नसतात. पोट भरल्याचा, साठा पुरेसा असल्याचा संदेश देणारं लेप्टिन रात्री वाढतं आणि मध्यरात्रीच्या आसपास व त्यानंतर सर्वांत जास्त असतं. भूक चाळवणारं घ्रेलिन झोपेच्या पहिल्या भागात थोडं चढतं, पण नंतर काही न खाताच उतरतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांना बरेच दिवस मंद उजेडात ठेवून, झोपण्या-जेवण्याच्या वेळा मुद्दाम सरकवून भूक मोजली होती. जेवण कधीही झालेलं असो, शरीराच्या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त निघाली. म्हणजे सकाळी चहावर भागणं हे थोड्याफार प्रमाणात प्रत्येकाच्या बाबतीत खरं आहे. तुमच्याकडे त्यावर आणखी थर चढलेला आहे इतकंच.

मग अडीचलाच का? झोप साधारण दीड तासाच्या आवर्तनांत चालते. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या तीन तासांत उरकतो. अकराला झोपल्यास दोनच्या पुढे झोप हलकी होते, आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर क्षणभर जागं होणं सगळ्यांनाच घडतं, सकाळी ते आठवत नाही एवढंच. त्याच वेळी पोटातही एक गोष्ट घडत असते. नऊला केलेलं मिश्र जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, म्हणजे एक वाजेपर्यंत जठर रिकामं होतं. रिकाम्या जठरात मग दर दीड-दोन तासांनी आकुंचनांची एक जोरदार लाट येते. ती उरलंसुरलं अन्न आणि स्राव पुढे ढकलून आतडं झाडून काढते. मोटिलिन नावाचं हार्मोन या लाटेशी जोडलेलं आहे. पोटात गुडगुडतं, आत ओढल्यासारखं होतं, ते हेच. ही लाट काही मिनिटांत ओसरते. गाढ झोपेत तिचा पत्ताही लागत नाही, पण हलक्या झोपेच्या सांध्यावर ती जुळून आली तर 'खड्डा पडला' असंच वाटणार. जठर रिकामं असणं आणि शरीराला अन्नाची गरज असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रात्री अडीचला त्यातली पहिलीच खरी असते.

इथपर्यंत कुणालाही होतं. पुढचा भाग सवयीचा. घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी आपोआप वाढतं. रोज एकला जेवणाऱ्याला पाऊणला भूक लागते ती त्यामुळे. काही आठवडे रोज अडीचला दूध-बिस्किटं मिळाली की शरीर त्या वेळेलाही जेवणाची वेळ धरू लागतं. शिवाय झोपेची एक अट तयार होते. खाल्लं की झोप येते हे मेंदूने इतक्यांदा अनुभवलेलं असतं की न खाता डोळा लागेल यावर त्याचा विश्वासच उरत नाही. 'खाल्ल्याशिवाय झोपच लागत नाही' हे तुमचं वाक्य भुकेपेक्षा या अटीबद्दल जास्त सांगतं.

तिसरा भाग दिवसाच्या हिशेबाचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. तुमच्यासारखा एक नमुना दिवस मांडून पाहू. सकाळी साखर-दुधाचा चहा ६० कॅलरी, दुपारचं जेवण ५००, संध्याकाळचा चहा आणि दोन-तीन बिस्किटं १९०, रात्रीचं जेवण ६५०. मग अडीचला मोठा कप दूध आणि चार क्रीमची बिस्किटं, साधारण ४००. एकूण १८००. एकूण आकड्यात काहीच वावगं नाही. पण वाटणी पाहा: रात्रीच्या जेवणापर्यंतच्या अख्ख्या दिवसात ७५० गेले, म्हणजे जेमतेम चाळीस टक्के, आणि २२ टक्के मध्यरात्री. आता पुढची सकाळ. अडीचला खाल्लेलं पहाटेपर्यंत पचत असतं, त्यात आठ वाजता भूक मुळातच सर्वांत कमी. म्हणून फक्त चहा. म्हणून दिवस पुन्हा तुटीत. म्हणून रात्र पुन्हा भुकेली. रात्रीचं खाणं हे आदल्या दिवसाच्या उपासाची भरपाई आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासाचं कारण, दोन्ही असतं.

झोप तुटल्याने हे आणखी घट्ट होतं. शिकागोत बारा तरुणांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन रात्री प्रत्येकी फक्त चार तास झोप दिल्यावर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि गोड-पिठूळ पदार्थांची ओढ सर्वांत जास्त वाढली. प्रयोग छोटा होता, नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हार्मोन्सचे आकडे असेच आले नाहीत. पण अपुऱ्या झोपेनंतर माणूस जास्त खातो हे मात्र वारंवार दिसलं आहे.

काही बदलण्याआधी पाच-सात दिवस नोंद ठेवा. उशाशी कागद-पेन ठेवा, फोन नको. जाग आल्यावर चारच गोष्टी लिहा: डोळे उघडताक्षणी पहिलं काय जाणवलं (लघवी, घाम, छातीत जळजळ, घसा कोरडा, पाय अस्वस्थ, विचार, की भूक), भूक दहापैकी किती, साधं बेचव काहीतरी चाललं असतं का, आणि काय खाल्लं. वेळ सकाळी अंदाजाने लिहिली तरी चालेल. रात्री घड्याळ पाहायचं नाही, कारण 'अडीच वाजले' हे कळणंसुद्धा खाण्याची खूण बनलेलं असतं.

या नोंदीतला तिसरा रकाना सर्वांत बोलका ठरतो. खऱ्या भुकेला उकडलेलं अंडं किंवा साधी डाळही चालते. बिस्किटंच हवी असतील, अंडं नको वाटत असेल, तर ती ओढ आहे. पहिला रकाना वाचताना भूक ही दुसरी किंवा तिसरी नोंद निघाली, तर जाग आणणारं कारण आधी लिहिलेलं आहे, त्याकडे बघा. जोरात घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड असणं हे एकत्र दिसलं तर झोपेत श्वास अडण्याची तपासणी करून घ्यावी. तो विकार असेल तर खाण्याचं वेळापत्रक कितीही सुधारलं तरी जाग येतच राहील.

आता बदल. पहिले सात दिवस रात्रीचं खाणं आहे तसंच चालू राहू द्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दिवसाची तूट भरण्याआधी रात्रीचं बंद केलं तर तिसऱ्या-चौथ्या रात्री दुप्पट खाल्लं जातं. आधी दिवस भरायचा. उठल्यापासून दीड तासाच्या आत ३५० कॅलरीचा नाश्ता, त्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं. दोन अंडी, पावाचा एक तुकडा आणि ग्लासभर दूध म्हणजे साधारण तेवढंच. अंडी खात नसाल तर घट्ट दही, पनीर किंवा डाळीचा पदार्थ चालेल. भूक नसताना खायचं आहे, म्हणून पहिले तीन दिवस अर्धंच खा आणि उरलेलं तासा-दीड तासाने. दुपारचं ५०० तसंच राहू द्या. संध्याकाळच्या चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी २५० कॅलरीचं खरं खाणं घ्या: मूठभर दाणे आणि फळ, किंवा उकडलेली कडधान्यं. रात्रीचं जेवण ६०० आणि शक्य झालं तर आठला. झोपण्याआधी तासभर १०० कॅलरीचं ठरलेलं काहीतरी, उदाहरणार्थ छोटा कप दूध. बेरीज तीच १८००, पण आता रात्रीच्या जेवणाआधी ११०० आलेले असतात. (पहिल्या आठवड्यात रात्रीचं खाणंही चालू असल्याने एकूण थोडं जास्त होईल. त्याची चिंता नको, ते आठवड्याभराचंच आहे.)

दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीचं कमी करायचं, आणि तेही टप्प्याने. गोड आधी काढायचं, दूध शेवटी. चार बिस्किटांची तीन, तीन रात्रींनंतर दोन, असं करत नऊ रात्रींत बिस्किटं संपतात. मग दूध अर्धा कप, तीन-चार रात्रींनी पाव कप, मग दोन घोट पाणी. एकूण अडीच-तीन आठवडे. घ्रेलिनची वेळ हळूहळू सरकते, ते एका रात्रीत होत नाही. त्यामुळे एखाद्या टप्प्यावर अडकलात तर तिथेच आणखी तीन रात्री थांबा, मागे जाऊ नका. खाणं अंथरुणात नाही, टेबलाशी बसून, मंद उजेडात, ताटलीत काढून. स्वयंपाकघरातला पांढरा लख्ख दिवा लावून डब्यातून उभ्याने खाल्लं की एक तर मेंदू पूर्ण जागा होतो आणि दुसरं म्हणजे बिस्किटं मोजली जात नाहीत.

भूक तीव्र वाटली तर खाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबून पाहा. अंथरुणात तळमळत नाही, खुर्चीत बसून. जठराची ती लाट तोवर ओसरलेली असते. थांबूनही भूक तशीच असेल, साधं अन्नही चालेल असं वाटत असेल, तर त्या रात्रीचा ठरलेला वाटा खा आणि दिवसाचा हिशेब पुन्हा तपासा. बहुधा दुपार चुकलेली असते.

हे कुठे फसतं, तर सर्वांत जास्त सकाळी. रात्री खाल्लं म्हणून अपराधी वाटून नाश्ता टाळला जातो आणि चक्र परत पहिल्या जागी येतं. रात्री काहीही झालं तरी नाश्ता त्याच वेळी, तेवढाच. दुसरी चूक म्हणजे 'रात्रभर पुरावं' म्हणून साडेनऊ-दहाला ठासून जेवणं. त्याने भूक टळत नाही, आम्ल वर येऊन जाग मात्र वाढते. पोट पाण्याने भरणंही तसंच. दोन तासांनी लघवीला उठावं लागतं आणि उठलं की भूक आठवते. कॉफीचा हिशेब लोक चुकवतात: कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या कॉफीतून १०० मिलिग्रॅम गेलं असेल तर रात्री दहाला ५० आणि अडीचला अजून पाव हिस्सा रक्तात असतो. ज्याची झोप आधीच हलकी आहे त्याला तेवढं पुरतं. मद्याने झोप लवकर लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, नेमकी याच वेळेला.

तीन-चार आठवडे हे नीट पाळूनही आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा उठून खाल्लं जात असेल, तर नाइट ईटिंग सिंड्रोमचा विचार करावा लागतो. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. दिवसाच्या आहारातला चौथा हिस्सा किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर जाणं, किंवा आठवड्यातून किमान दोनदा झोपेतून उठून खाणं, हा त्याचा गाभा. त्याच्या जोडीला सकाळची भूक मरणं, निद्रानाश, खाल्ल्याशिवाय झोप येणार नाही ही खात्री, संध्याकाळी मन खालावणं यांपैकी बऱ्याच गोष्टी असाव्या लागतात, त्याचा खरोखर त्रास होत असावा लागतो, आणि हे तीन महिने टिकलेलं असावं लागतं. अशा लोकांची झोपेची वेळ इतरांसारखीच असते, खाण्याचं घड्याळ मात्र काही तास मागे पडलेलं असतं. तुमच्या वर्णनातल्या दोन-तीन खुणा जुळतात, पण त्यावरून स्वतःला शिक्का मारून घेऊ नका. संध्याकाळी उदास वाटणंही त्यात असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. वर्तनोपचार आणि सर्ट्रालिनसारखी औषधं यांचा अनेकांना उपयोग होतो.

वरचं सगळं ज्यांना लागू नाही, त्यांच्यासाठी आता. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेन्क्लामाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर पंधरा-वीस मिनिटं थांबण्याचा नियम तुमच्यासाठी नाही. घामाने भिजून, धडधडत, हात थरथरत, वाईट स्वप्नाने जाग आली आणि भूक लागली तर लगेच साखर मोजा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून खालीच असेल तर तेवढंच परत. लक्षणं आहेत आणि यंत्र हाताशी नाही, तर आधी साखर घ्या, मोजणं नंतर. मग त्या आठवड्यातच डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या, स्वतःहून बदलू नका. रोज रात्री खाऊन साखर सावरणं म्हणजे जास्त झालेला डोस झाकणं.

दुसरी फसवी भूक पोटातल्या अल्सरची. लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेली जखम जेवणानंतर दोन-चार तासांनी आणि मध्यरात्रीनंतर दुखते, आणि खाल्लं की शमते. त्यामुळे माणूस तिला भूकच म्हणतो. खूण अशी की ती बेंबीच्या वर एका ठिकाणी बोटाने दाखवता येते, जळते किंवा कुरतडते, आणि खाण्याने झटकन थांबते. नियमित पेनकिलर घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावं.

भूक वाढलेली आणि वजन घटतंय, अशी जोडी असेल तर थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासा. खूप तहान आणि वारंवार लघवी सोबत असेल तर साखर आधी. प्रेडनिसोलोन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांनी भूक वाढते. यातलं काही सुरू केल्यानंतर रात्रीचं खाणं चालू झालं असेल तर तारखा जुळवून पाहा आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईची रात्रीची भूक मात्र खरी गरज असते, तिथे कमी करत नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि सकाळी ओट्यावर उघडी पाकिटं, सांडलेलं दूध दिसतं पण खाल्ल्याचं आठवत नाही, असं असेल तर ते तुमच्यापेक्षा अगदी वेगळं प्रकरण आहे. झोपेतच चालून खाण्याचा हा विकार झॉल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळीने सुरू होऊ शकतो. त्यात कच्चं, गोठलेलं, कधी न खाण्याजोगंही तोंडात जातं, गॅस पेटवला जाऊ शकतो. गोळीचं नाव आणि घेण्याची वेळ लिहून न्या, घरातल्या कुणी रात्री काय पाहिलं तेही न्या, आणि तोवर शेगडीचा मुख्य नळ झोपण्याआधी बंद करून ठेवा.